लेबलावरचा त्रिकोण

धुरपताबाई दुकानात शिरल्या तेव्हा पावणेबारा वाजले होते आणि मी आधीच तापलेली होते. सकाळपासून तीन गिऱ्हाइकं अशी आली होती, की डाग पडल्यावर घरी सगळे प्रयोग करून, कपड्याची वाट लावून, मग माझ्याकडे. एकाने शाईवर टूथपेस्ट चोळली होती. दुसऱ्याने तेलाच्या डागावर पावडर टाकून वरून इस्त्री फिरवली होती. अशा लोकांना मी बोलते. वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेत सगळ्यांना ठाऊक आहे, मेघाताईंच्या लाँड्रीत डाग निघतो, पण आधी दोन शब्द ऐकून घ्यावे लागतात.

या बाईंना मात्र बोलता आलं नाही. पन्नाशीच्या, सडपातळ, पुलगावजवळच्या नाचणगावहून बस पकडून आलेल्या. पदराने घाम पुसत त्यांनी पिशवीतून एक वर्तमानपत्राची घडी काढली, ती उघडली, आणि आतलं पांढरं काहीतरी काउंटरवर ठेवून दोन पावलं मागे सरकल्या.

"ताई, पोराचा हाये. मर्चंट नेव्हीत शिकून राह्यला तो. उद्या परेड हाये त्याची मुंबईले, सकाळी नऊले इन्स्पेक्शन. सव्वापाचची गाडी हाये इथून. चार वाजेलोक होईन का जी?"

एकीकडे त्या बोलत होत्या आणि एकीकडे मी माझ्या सवयीने हात चालवत होते. आमच्याकडे पद्धत अशी, की कपडा आला की आधी नंबर. पूर्वी सासरे कापडावरच बिब्ब्याने खूण करायचे. लोकांना ते आवडेनासं झालं, तेव्हापासून मी शिवणीतल्या लेबलावर काळ्या मार्करने नंबर घालते. मग पावती, पावतीवर डागाची खूण. तेलाला गोल, शाईला फुली, हळदीला टिंब. दिवसाला शंभरेक कपडे येतात. एकशे सत्तेचाळीस घातला, मार्करला टोपण लावलं आणि मग तो कपडा पसरला.

बंद गळ्याचा पांढराशुभ्र कोट, खांद्यावर पट्ट्या लावायला फीत. आणि डाव्या छातीवर, खिशाच्या वर, हाताच्या पंजाएवढा लालसर तपकिरी डाग. बोटंसुद्धा मोजता येत होती.

"हळद," मी म्हटलं. "साबण लावला ना घरी?"

"लावला जी. पिवळा होता, लावल्याबरोबर लाल झाला. मी घाबरून गेली. मग काईच नाई केलं, तशीच निघाली."

काय झालं ते त्यांनी सांगितलं. धम्मदीप, त्यांचा मुलगा, परेडच्या आधी चार दिवस घरी आला होता. आई-बापाला मुंबईला जाणं जमणार नव्हतं, मोबाईलवरच बघणार होते, म्हणून सकाळी त्याने सगळा गणवेश चढवून त्यांना दाखवला. मग बदलून, कोट हँगरला लावून, बापाबरोबर देवळीला आत्याकडे गेला. तिथून दोघं परस्पर वर्ध्याला स्टेशनवर येणार होते. धुरपताबाई वड्यांचं पीठ कालवत होत्या. घर रिकामं झाल्यावर त्यांना वाटलं, एकदा हात लावून पाहावा, कसं लागतं ते कापड. हात पदराला पुसले होते. पण हळदीचा हात पुसून कोरडा होतो, पांढरा होत नाही.

"त्याले मी म्हटलं, कोट ठेवून जाय, इस्त्री करून स्टेशनवर आणतो. त्याले काई माईत नाई. त्याले सांगू नका जी. वर्षभर त्यानं त्या पोरांमंदी कशी मान वर ठेवली ते मलेच माईत. आन माह्याच हाताचा डाग छातीवर घेऊन उभा राहीन का तो?"

 मी रागावल्यासारखा आवाज काढून म्हटलं, "बसा तिथं पंख्याखाली. लाल झाला म्हणजे गेला असं नाही. साबणाच्या खाराने हळद लाल होते, आंबटाने परत पिवळी होते. पाणी प्या."

थंड पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून मी डाग मागच्या बाजूने ओला केला. पाहता पाहता लाल रंग ओसरून पंजा पिवळा झाला. धुरपताबाईंनी हात जोडले. मी म्हटलं, आत्ताच जोडू नका, डाग अजून तिथेच आहे, नुसता रंग बदललाय.

आता हळद उतरवायची. पांढऱ्या कपड्यावरची हळद उतरवायला दोन वाटा. एक क्लोरीनचं ब्लीच, दहा मिनिटांत काम. दुसरी पेरॉक्साइड आणि ऊन, तिला तास लागतात. कुठली घ्यायची हे डाग ठरवत नाही, कपडा ठरवतो, आणि कपड्याच्या मनातलं लेबलावर लिहिलेलं असतं. मी कोट उलटला आणि शिवणीतलं लेबल बोटावर धरलं.

टबात चाळीसचा आकडा, म्हणजे कोमट पाण्यात धुता येतो. मग त्रिकोण. त्रिकोण म्हणजे ब्लीच. रिकामा असला तर कुठलंही चालतं, आत दोन तिरप्या रेघा असल्या तर क्लोरीन नाही, फक्त पेरॉक्साइडच्या जातीचं, आणि वर फुली असली तर काहीच नाही.

त्या त्रिकोणावर माझा चार बसला होता. एकशे सत्तेचाळीसमधला. जाड, काळा, कापडात मुरलेला. त्रिकोणाचं एक टोक तेवढं बाहेर दिसत होतं. आत रेघा होत्या, फुली होती की काहीच नव्हतं, देवाला ठाऊक.

मी ते लेबल उजेडात धरलं. भिंगाखाली धरलं. उलटून मागून पाहिलं, तर शाई पलीकडेही फुटलेली. स्पिरिट लावून शाई काढावी, तर लेबल छापील. शाईच्या आधी खूणच पुसली जाईल. सकाळपासून मी लोकांना शहाणपणा शिकवत होते आणि इथे माझ्याच मार्करने मला आंधळं केलं होतं. कान तापले. धुरपताबाईंकडे पाठ करून मी तशीच उभी राहिले.

"काऊन थांबली?" सासऱ्यांनी मागून विचारलं.

महादेवराव, माझे सासरे, वय बहात्तर. दुकान त्यांचं, नाव त्यांचं. आता नुसते खुर्चीत बसतात, पण कान आणि डोळे शाबूत. मी हळूच लेबल दाखवलं. त्यांनी ते नीट पाहिलंही नाही, अंगठ्याने कापड चोळलं.

"सुती हाये, पॉलिस्टर मिसळलेलं. पांढरं हाये. मार ब्लीच पातळ करून, दहा मिनिटात होते. पन्नास वर्षं मी काय लेबलं वाचून कपडे धुतले का?"

"मामाजी, ह्या कापडाला सुरकुती पडत नाही. फिनिश दिलेलं असतं त्याला. डॉक्टरांचा कोट आठवा."

ते आठवण काढल्याने चिडले. तीन वर्षांपूर्वी एका डॉक्टरीणबाईंचा पांढरा कोट आमच्याकडे आला होता, असाच न चुरगळणारा. आम्ही क्लोरीन मारलं, डाग गेला, कोट दुधासारखा झाला. इस्त्री ठेवली आणि ठेवल्या जागी पिवळा पडला. ते फिनिश क्लोरीन धरून ठेवतं आणि ताप लागला की बाहेर काढतं. ते पिवळं मग कशानेच गेलं नाही. त्या दिवसापासून मी लेबल वाचते. आणि मामाजी म्हणतात, त्या दिवशी इस्त्री जास्त तापली होती.

"पाह्य," म्हणाले, आणि खुर्चीतून उठले. मी काही बोलायच्या आत त्यांनी ब्लीचची बाटली उचलली, चमचाभर पाण्यात दोन थेंब टाकले आणि कोटाच्या खालच्या दुमडीत, आतल्या बाजूला, जिथे कुणाला दिसणार नाही तिथे, काडीने एक ठिपका लावला. मग तो ठिपका नळाखाली चांगला धुतला, फडक्याने टिपला आणि माझ्या नाकासमोर धरला. "काय झालं? काई झालं का?"

काही झालं नव्हतं. पांढऱ्यावर पांढरं.

धुरपताबाई कधी उठून काउंटरपाशी आल्या कळलंच नाही. "हे करून राह्यले ते बरोबर हाये ना जी? दहा मिनिटात होईन म्हणते न बाबा. मारा ना मग."

घड्याळात साडेबारा. पेरॉक्साइडच्या वाटेने जायचं तर आत्ता सुरुवात करायला हवी होती. ब्लीचने जायचं तर एक वाजता ही बाई हसत बाहेर. आणि कशानेच जायचं नसेल, त्रिकोणावर फुली असेल, तर पेरॉक्साइडही घातक. मामाजींच्या हातातली बाटली मी पाहत होते. खरं सांगते, हात पुढे गेला होता माझा. सासऱ्यांचा ठिपका डोळ्यांसमोर स्वच्छ होता, बाई डोळ्यांत प्राण आणून बघत होती, आणि माझी चूक कुठल्याच गिऱ्हाइकाला न कळता झाकली जाणार होती. हे शेवटचं सगळ्यात गोड वाटत होतं.

मी हात मागे घेतला.

"धुरपताबाई, ह्याची पँट कुठाय?"

"त्याच्या बॅगेत. त्याच्यापाशी."

"एकाच कापडाची आहे?"

"हो, जोडी हाये. अकॅडमीतून एकदमच भेटली."

"मग पँटच्या आतही असंच लेबल असणार. त्याला फोन लावा. लेबलाचा फोटो पाठवायला सांगा मला."

त्यांचा चेहरा पडला. "म्या सांगतलं ना ताई, त्याले नाई सांगाचं म्हणून. तुम्हीच म्हणे लेबल वाचता, सारं गाव म्हणते. हे लेबल हाये न ह्याले. ते वाचा ना."

आता दुसरा मार्ग नव्हता. मी कोट त्यांच्यासमोर पसरला, लेबल काढून दाखवलं.

"हा नंबर बघा. हा मी घातला, तुम्ही आलात तेव्हा. कपडा न बघता घातला. ह्याच्याखाली जी खूण होती ती वाचल्याशिवाय पुढचं औषध ठरवता येत नाही. चूक माझी आहे, तुमची नाही. पण अंदाजाने मी ह्या कोटाला हात लावणार नाही."

मामाजी काहीतरी पुटपुटले आणि दुसरीकडे पाहू लागले. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकासमोर अशी कबुली त्यांनी ऐकली नव्हती. धुरपताबाई त्या काळ्या आकड्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडायला हवं होतं त्यांनी, मी असते तर ओरडले असते.

त्यांनी मोबाईल काढला. दोनदा चुकीचं बटन दाबलं, मग लागला. स्पीकरवर.

"धम्मा, माय बोलतो. ऐक. तुह्या कोटाले डाग लागला बाप्पा. हळदीचा. माह्याच हातानं."

पलीकडे एसटीची घरघर ऐकू येत होती.  मुलाने विचारलं, "कुठी?"

"छातीवर."

"छातीवर? माय, इन्स्पेक्शनमंदी एक धागा लटकला तरी रांगेतून बाहेर काढते. काऊन हात लावला तू?" आवाज चढला होता. बाईंनी डोळे मिटून घेतले. "मी ठेवून आलतो ना हँगरवर!"

मी फोन घेतला. "हे बघ, धम्मदीप, रागवायचं नंतर. मी लाँड्रीतून बोलते. तुझ्या पँटच्या आत कमरेजवळ लेबल असेल. दोन्ही बाजूंचा फोटो काढून ह्या नंबरवर पाठव. लगेच. तुझा कोट त्यावर अडकलाय."

"एसटीत हाये मी. बॅग वर हाये, बस उभी भरली."

"मग उभ्या उभ्या काढ."

सात मिनिटं लागली.  बाहेर एक रिक्षावाला कुणाला तरी हाका मारत होता. एक गिऱ्हाईक आलं, त्याला मी हातानेच थांब म्हटलं आणि तो गुमान थांबला.

पहिला फोटो हललेला. त्रिकोण होता, त्यात काय ते दिसेना. मी परत लिहिलं, थांबलेल्या बसमध्ये काढ. दुसरा आला. आधी मागची बाजू वाचली, पॉलिस्टर पासष्ट, कॉटन पस्तीस, तेच कोटाच्या लेबलावरही होतं, कंपनीचा लॉट नंबरही तोच. मग पुढची बाजू बोटांनी मोठी केली.

त्रिकोण. आत दोन तिरप्या रेघा. फुली नाही.

"क्लोरीन नाही चालत," मी म्हटलं. "पेरॉक्साइड चालतं."

मामाजी हसले, तोंड वाकडं करून. "मोबाईलनं सांगतलं म्हणून? हा ठिपका धुतला मी तुह्यासमोर. स्वच्छ हाये." आणि हट्टाने, मला खोटं पाडायलाच, त्यांनी गरम इस्त्री उचलली आणि कोटाची ती खालची दुमड पाटावर घेऊन तिच्यावर टेकवली. मी "मामाजी!" म्हणून ओरडले, पण ते उचलेपर्यंत चार सेकंद झाले होते.

दुमडीत, पांढऱ्यावर, काडीच्या टोकाएवढा पिवळा ठिपका उमटला होता. चहाच्या थेंबासारखा. आम्ही तिघंही त्याच्यावर वाकून बघत होतो. तो आतल्या बाजूला होता, कुणाला कधीच दिसणार नव्हता. पण तोच पंजाएवढा, छातीवर, इस्त्री करताना उमटला असता, आणि तेही चार वाजता.

मामाजींनी इस्त्री बाजूला ठेवली. ब्लीचच्या बाटलीला बूच लावलं आणि ती वरच्या फळीवर नेऊन ठेवली.  

पुढचं काम सोपं नव्हतं, नुसतं साधं होतं. डागाखाली पांढरं फडकं घेऊन पातळ पेरॉक्साइडने तेवढीच जागा भिजवायची आणि उन्हात धरायची. लेबलावर चौकोनात उभी रेघ होती, म्हणजे दोरीवर वाळवा. कोपऱ्यात तिरप्या रेघा असत्या तर सावली पाळावी लागली असती, त्या नव्हत्या. आणि हळदीला ऊन सोसत नाही. एप्रिलचं वर्ध्याचं ऊन, एक वाजताचं. गच्चीवर चप्पल नसेल तर पाऊल ठेवता येत नाही. आम्ही दोघी वर गेलो. दोरीवर कोट लावला की वाऱ्याने डाग सावलीत जायचा, म्हणून धुरपताबाईंनी खांद्यांना धरून तो सूर्यासमोर उभा धरला. मी म्हटलं, खुर्चीवर अंथरू. नाही म्हणाल्या. दर वीस मिनिटांनी मी परत भिजवायची, सुकत आला की पुन्हा.

दोन वाजता पंजा फिकट पिवळा झाला. पावणेतीनला बोटं पुसट झाली, तळवा राहिला. सव्वातीनला मला वाटलं, थांबला, आता उतरत नाही.  मी कोट धरते म्हटलं तर धुरपताबाई देईनात. "तुम्ही औषध लावा ताई," एवढंच. आणखी एकदा लावलं. साडेतीनला मी कोट सावलीत आणून, डोळे मिटून, उघडून पाहिला. काही नव्हतं. मी खिडकीपाशी नेला, तिरपा धरला, भिंगाखाली धरला. काही नव्हतं. मामाजींनी चष्मा लावून पाहिला आणि मान हलवली, नाही म्हणून.

गार पाण्यात दोनदा खंगाळून, पिळता न पिळता वाऱ्यावर टांगला. उन्हाने दहा मिनिटांत कोरडा केला. इस्त्रीच्या खुणेत दोन टिंबं, म्हणजे मध्यम ताप, तेवढाच ठेवला. छातीवर इस्त्री टेकवली. उचलली. पांढरं.

सव्वाचारला मुलगा दुकानात आला. स्टेशनवर थांबला नाही, बापाला बॅगेपाशी बसवून रिक्षाने इकडेच. उंच, काळासावळा, केस अगदी बारीक कापलेले. आत आल्या आल्या आईकडे न बघता त्याने कोट घेतला, छाती उजेडाकडे धरली, आतून पाहिली, बाहेरून पाहिली. त्याचे खांदे खाली आले. मग तो वळला, आणि आई कुठे आहे ते शोधू लागला.

धुरपताबाई दाराबाहेर पायरीवर उभ्या होत्या, दोन्ही हात पाठीमागे. उन्हाने तोंड काळवंडलं होतं.

"झालं ना बेटा बरोबर? घालून पाह्य. मी नाई हात लावत."

त्याने तिथेच, इस्त्रीच्या पाटाजवळ, कोट चढवला. बटनं लावत वर आला आणि गळ्याचं हूक तसंच ठेवून थांबला. वर्षभर रोज सकाळी त्या गळ्याचं हूक त्याने एकट्याने लावलं असणार, आरशाशिवाय, अंधारात.

"माय," तो म्हणाला, "हे वरचं लागत नाई. तू लावून दे."

त्या जागच्या हलल्या नाहीत. मग आत आल्या, त्याच्याजवळून नळावर गेल्या. माझा साबण घेऊन हात धुतले. परत धुतले. नखं घासली. पदराला पुसायला गेल्या आणि थांबल्या, माझ्याकडचं धुतलेलं फडकं मागून त्याला पुसले. आणि मग, मुलाकडे न जाता, माझ्यासमोर येऊन दोन्ही तळहात पालथे-उलथे करून धरले, मी आधी वाचावेत म्हणून.

चरे पडलेले, कांद्या-मिरचीने रंगलेले, अडीच तास उन्हात कोट धरून सुजलेले हात. मी ते खरंच वाचले. 

"स्वच्छ आहेत," मी म्हटलं. "जा, लावा."